कवडीखाली दबलेलं बटण

माझ्या दुकानात शिरणारा माणूस आधी काउंटरच्या मागे डोकावतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "दादा नाई का?" दादा म्हणजे माझे यजमान. त्यांना स्वतःच्या मोबाइलमधला अलार्म बंद करता येत नाही. सकाळी तो वाजला की ते फोन उशीखाली दाबून ठेवतात. मी सगळ्यांना एकच उत्तर देते, "दादा हायेत, पण ते वावरात बैलं पाह्यतात. मोबाइल मी पाह्यतो." 'पाह्यतो' असं मी मुद्दामच म्हणते. आमच्याकडे बाया तसंच बोलतात, आणि समोरच्याला तेवढीच जरब बसते.

घाटंजीत बसस्टँडच्या रस्त्याला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, लग्नानंतर मोबाइल दुरुस्तीचा केला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोळ्या जळून राह्यल्या अन हे पेचकस घेऊन बसली." आता त्यांच्या भजनी मंडळातल्या झाडून सगळ्या बायांचे फोन त्या स्वतः पिशवीत घालून माझ्याकडे आणतात आणि माझ्या वतीने उधारी पण त्याच कबूल करतात. असो. सांगायची गोष्ट वेगळी आहे.

बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाजी, मीठ-मिरची आणि मोबाइलची काच एकाच फेरीत उरकतात. त्या दिवशी मात्र दुपारी जरा शांत झालं होतं आणि मी डबा उघडणार, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आत आली. पन्नाशीच्या आसपास वय, हातभर पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे. बंजारा तांड्यावरची आहे हे सांगायला नको होतं. तिने 'दादा नाई का' विचारलं नाही. सरळ काउंटरवर मोबाइल ठेवला आणि म्हणाली,

"बाई, याच्यातले फोटो पाह्यजे. आत्ताच पाह्यजे. माहा बैल बाजारात उभा हाये."

मी म्हटलं, "मावशी, बैल बाजारात उभा हाये तर बाजारात जा. इथं कायले आल्या?"

माझी जीभ अशीच आहे. पण मावशी काही चिडली नाही. स्टुलावर बसली, माठातलं पाणी प्यायली आणि मग एकेक करून सांगत गेली. तिच्या घरच्या गाईला झालेला गोऱ्हा, तिच्या हातचा वाढलेला, दिवाळीनंतर एका रात्री दावणीतून गेला. सगळीकडे शोधलं. चारी बाजूंची गावं पालथी घातली. आणि आज नवरा-बायको मीठ घ्यायला म्हणून बाजारात आले, तर बैलांच्या ओळीत तो उभा. शिंगं साळून, म्हणजे तासून, निळी रंगवलेली, कानातला पिवळा बिल्ला उपटलेला, कानाला भोक तेवढं उरलेलं. नवऱ्याने जाऊन जी दोरी धरली ती धरलीच. व्यापारी म्हणतो, मी रीतसर विकत घेतला, दुसरा कोणी असेल. बाजारातल्या पोलीस जमादाराने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पावती दाखवा.

"घरच्या गाईच्या पोटच्याची पावती कोन देते बाई?" मावशी म्हणाली. "बिल्ला असता तर नंबर पाह्यला असता डाक्टरनं. बिल्ला त उपटला. मंग मी म्हनलं, पोळ्याचे फोटो हायेत मोबाइलात. जमादार म्हने, आन. पन लवकर आन. त्या मानसाची गाडी आली, तो बैलं चढवून राह्यला."

"मग दाखवा ना फोटो."

तिने मोबाइल माझ्याकडे सरकवला. काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत एकच इंग्रजी शब्द: फास्टबूट. बाकी काही नाही.

"परवापासून असाच हाये," ती म्हणाली. "कापूस वेचत होती. कमरेला व्हता. काढून पाह्यला त हे. दुसऱ्या गावच्या दुकानात गेलती. तो पोट्टा म्हने, साफ्टवेअर उडालं, फ्लॅश मारा लागते, सारं जाईल. म्या म्हनलं, राहू दे बापा मंग, नको."

हे 'फ्लॅश मारा लागते' ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या धंद्यातले काही लोक कुठल्याही दुखण्यावर हाच एक उपाय सांगतात. पोट दुखलं? पोटच काढून टाका. नवं सॉफ्टवेअर भरलं की फोन कोरा करकरीत सुरू होतो, दुकानदाराची पाठ थोपटली जाते, आणि गिऱ्हाइकाच्या लेकराचे बारशापासूनचे फोटो मातीत जातात. त्याच्याच पुढची पायरी म्हणजे बूटलोडरचं कुलूप तोडायचं. ते तोडलं की फोन आतलं सगळं स्वतःहून पुसून टाकतो. आणि कोणी रिकव्हरीच्या पडद्यात शिरून 'वाइप डेटा', म्हणजे सगळं पूस, हे दाबलं की संपलंच. त्या पोट्ट्याला मावशी नको म्हणाली, हे तिचं नशीब, आणि खरं सांगायचं तर अक्कलही.

मी तिला समजावलं. फास्टबूट म्हणजे फोन मेला असं नाही. माणूस बाहेरून येऊन दारातच उभा राहावा आणि आत येऊ की जाऊ, एवढंच विचारत राहावा, तसं आहे ते. घरातलं सामान जागच्या जागी असतं. त्याला फक्त आत जा म्हणायचं असतं, घर जाळायचं नसतं.

"मंग सांगा ना त्याले, आत जा," मावशी म्हणाली.

मी पॉवरचं बटण दाबून धरलं. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. बटण सोडायचं नाही, पंधरा-वीस सेकंद तसंच दाबून ठेवायचं, फोन थरथरतो आणि नेहमीसारखा सुरू होतो. फोन थरथरला. पडदा काळा झाला. मावशी स्टुलावरून उठून उभी राहिली. आणि पडद्यावर पुन्हा तोच नारिंगी शब्द.

मी केबल लावून फोन कॉम्प्युटरला जोडला. एक तर परवापासून त्या पडद्यावर जळत राहून बॅटरी खाली गेलेली असणार, आणि दुसरं म्हणजे मला त्याच्याशी बोलायचं होतं. कॉम्प्युटरवरून विचारलं, आहेस का? फोनने आपला नंबर सांगून हजेरी दिली. म्हणजे शुद्धीवर होता. मग 'फास्टबूट रीबूट' असा हुकूम सोडला. हा हुकूम काही पुसत नाही, काही भरत नाही, फक्त ऊठ आणि नीट सुरू हो एवढंच सांगतो. कॉम्प्युटर म्हणाला, झालं. फोन थरथरला, काळा झाला, आणि पुन्हा फास्टबूट.

"ऐकून नाई राह्यला काय?" मावशीने विचारलं.

"ऐकून राह्यला. पण दुसरं कोणी तरी त्याच्या कानात वेगळंच सांगून राह्यलं."

हे मी बोलून गेले आणि माझं मलाच वाटलं, खरंच की. फोन सुरू होताना कोणी आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं, तरच तो फास्टबूटमध्ये जातो. दर वेळी जातोय, म्हणजे दर वेळी ते बटण दाबलेलं आहे. पण माझी बोटं तर पॉवरच्या बटणावर होती, आणि कॉम्प्युटरवरून हुकूम दिला तेव्हा फोन काउंटरवर एकटाच पडला होता. मग दाबलं कोणी?

तेव्हा कुठे मी त्या मोबाइलच्या खोळीकडे नीट पाहिलं. इतका वेळ मी पडद्याकडेच बघत होते. आत साधं रबरी कव्हर, आणि त्याच्या वरून जाड लाल कापड घट्ट शिवून बसवलेलं. बारीक टाके, जागोजागी आरसे, आणि कडेकडेने कवड्यांची ओळ. इतकी घट्ट शिवण की कापडाला सुरकुती नाही. काम असं देखणं की मी क्षणभर डब्यातली भाकर पण विसरले.

"हे कव्हर काढा मावशी."

मावशीने फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"खोळ नाई निंघत. शिवेल हाये ते."

"मग उसवा."

"नाई उसवत."

"अवो, त्यानंच तर घोळ झाला असंल!"

"त्या पोट्ट्यानं बी हेच म्हनलं. म्या त्याले बी नाई उसवू देल्ली."

आता मला राग आला. तिकडे गाडीत बैल चढतोय, नवरा दोरी धरून उभा आहे, आणि ही बाई कापडाच्या तुकड्यासाठी अडून बसली. मी म्हटलं, "तुमाले बैल पाह्यजे का खोळ?"

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रडली नाही, पण आलं. मग तिने त्या खोळीची हकिगत सांगितली. पोळ्याला तिने बैलासाठी नवी झूल शिवली होती, लाल कापडाची, आरसे-कवड्यांची. तिच्या घरात तिच्या आईपासून बैलाला झूल घरची बाईच शिवते, विकतची कोणी आणत नाही. बैल गेला त्या दिवशी झुलीचा उरलेला तुकडा तिच्या हाती लागला. त्या तुकड्याची तिने मोबाइलला खोळ शिवली, कारण बैलाचं आता जे काही उरलं होतं ते याच मोबाइलात होतं. आणि शेवटचा टाका घालताना देवीला बोलली, जनावर माझ्या हाती येईल तेव्हाच ही खोळ उसवीन.

नवसाला नावं ठेवणारी मी कोण? माझ्या स्वतःच्या दुकानात शटरला लिंबू-मिरची बांधलेली आहे. पण तरी मी एक विचारलं.

"मावशी, खोळ शिवली त्याच्यानंतर फोनचा आवाज कसा व्हता?"

"आवाज?" तिने डोळे पुसले. "आवाजच बसला ना बाई त्याचा. घंटीच नाई वाजे. माही लेक म्हने, याडी, याडी म्हंजे माय, फोन काहून नाई उचलत? आता वाजला त उचलू ना! म्या म्हनलं, बैलाच्या दुखानं त्यानं बी अबोला धरला."

"अन बटण दाबून उघडायले गेलं का?"

"लखकन चमके. फोटो काढल्यावानी. रोज चमके."

मला हसू आवरेना. तो अबोला नव्हता. आवाज कमी करायचं बटण दिवसरात्र दाबलेलं, म्हणून आवाज तळाला गेला. ते दाबलेलं असताना वर पॉवरचं बटण दाबलं की पडद्याचा फोटो निघतो, म्हणून ती चमक. आणि परवा कापूस वेचताना कमरेला फोन, वर वेचलेल्या कापसाचा भार, आणि बाई वाकलेली. तेव्हा पॉवरचं बटणही बराच वेळ दाबलं गेलं. दोन्ही बटणं एकदम, आणि तीही बराच वेळ. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि कोणीतरी आवाजाचं बटण धरून आहे म्हणजे याला फास्टबूटच पाहिजे, असं समजून दारात बसून राहिला. बिचाऱ्याने सांगितलं तेवढंच केलं.

मी खोळीवरून बोट फिरवलं. आवाज वाढवायच्या बटणाच्या जागी दाबलं की खाली 'टक' लागत होतं. त्याच्या खालच्या बटणावर नेमकी एक कवडी आली होती, पोट खाली करून, कापडाच्या ताणाने अशी घट्ट बसलेली की तिथं 'टक' नव्हतंच. बटण आधीच आत गेलेलं होतं.

"मावशी, खोळ नका उसवू," मी म्हटलं. "ही एक कवडी तेवढी काढा."

"कवडी काढली म्हंजे उसवलंच ना?"

"शिवण कापडाची व्हय. कवडी वरून टाचली. तुमी देवीले खोळ बोलल्या, कवडी नाई बोलल्या."

मावशीने विचार केला. मला वाटतं, तो मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात लांब विचार असेल, कारण बाहेर रस्त्यावरून बैल भरलेली एक गाडी गेली आणि आम्ही दोघींनीही दचकून तिकडे पाहिलं. ती दुसरीच निघाली. मग मावशी म्हणाली, "देवीच्या घरी बी बैल असनच. समजते तिले."

मी ब्लेड पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं, फोन तोंडाजवळ नेला आणि दातांनी तो दोरा तोडला. एकच दोरा. बाजूची एकही कवडी हलली नाही. कवडी काउंटरवर पडली, तिने ती उचलून कमरेच्या पिशवीत टाकली. मी कापडावरून बोट दाबलं. टक. सोडलं, बटण वर आलं. पुन्हा दाबलं. टक. जन्मात इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता, आणि माझ्या लग्नात सनई होती.

पॉवरचं बटण दाबून धरलं. फोन थरथरला. पडदा काळा. मावशीने माझा दंड धरला, आणि तिच्या हाताला कापूस वेचून वेचून जे चरे पडले होते ते मला पदरातून टोचले. मग कंपनीचं नाव आलं. नाव येऊन गेलं. गोल गोल फिरणारं चिन्ह आलं. आणि मग एका बैलाचं तोंड, पडदाभर, कपाळावर लाल गोंडा बांधलेलं.

"आला!" मावशी ओरडली. "आला वो माहा!"

शेजारचा चपलांचा दुकानदार धावत आला. त्याला वाटलं, माझ्याकडे काही स्फोट झाला.

पण आमची परीक्षा अजून संपली नव्हती. फोन नव्याने सुरू झाला की पहिल्यांदा तो बोटाचा ठसा मानत नाही, पॅटर्नच मागतो. मावशी रोज अंगठा लावून फोन उघडणारी. पॅटर्न कधी काळी तिच्या लेकीने शिकवला होता. तिने एकदा काढला, चुकला. पुन्हा काढला, चुकला. मी म्हटलं, "थांबा, घाई करू नका. चुकत राह्यलं त फोन थांबवते, अन आपल्यापाशी येळ नाई."

"डोक्यात हाये, बोटात नाई येऊन राह्यलं," ती म्हणाली.

मग तिनेच डोळे मिटले. हवेत बोट फिरवलं, जसा कापडावर टाका घालतात तसं, आडवं, मग तिरपं, मग खाली. डोळे उघडले आणि काचेवर तेच काढलं. फोन उघडला. मी तिला विचारलं, हे कसं आठवलं? ती म्हणाली, "लेकीनं म्हनलं व्हतं, याडी, झुलीच्या कोपऱ्यावरचा टाका काढ. मंग कधीच नाई भुलशील. तरी भुललीच म्या."

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तिच्याबरोबर निघाले. डबा तसाच राहिला. मला तिथं जायची काही गरज नव्हती, फोन सुरू झाला होता, माझं काम संपलं होतं. पण ज्या फोनसाठी एवढी ताणाताणी केली त्याचं पुढे काय झालं हे न पाहता मी भाकर खाल्ली असती तर ती मला पचली नसती. वाटेत चालता चालताच मी आधी घंटीचा आवाज वाढवला आणि मग फोटो शोधू लागले, तर तिथे एक नवीच कटकट. पडद्याच्या फोटोंचा ढीग! त्या बटणाने रोज उघडताना एकेक फोटो काढून ठेवला होता: घड्याळ, घड्याळ, घड्याळ, बॅटरी कमी, घड्याळ. मी बोटाने ते ढकलत चालले होते आणि मावशी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणत होती, "मांगं, आनखी मांगं. पोळा मांगं हाये."

बैलांच्या बाजारात गर्दीचा गोल झाला होता. मधे मावशीचा नवरा, उंच, वाळलेला, दोन्ही हातांनी दोरी धरून. त्याच्यासमोर व्यापारी, आणि बाजूला गाडी, मागचं फळकूट खाली टाकलेलं. जमादार गाडीच्या सावलीत घाम पुसत उभे होते. आम्हाला पाहून व्यापारी म्हणाला, "या, आली साक्ष. मोबाइलात तर माह्या पोट्ट्यापाशी बी ढीगभर बैल हायेत."

मी फोन जमादारांच्या हाती दिला. पोळ्याचे फोटो निघाले होते. पांढरा बैल, खांद्यावर करडी झाक, अंगावर लाल झूल, शिंगांना बाशिंग. व्यापारी म्हणाला, शिंगं वेगळी दिसतात. शिंगं वेगळी दिसणारच, साळली ना! पण मावशीच्या नवऱ्याने तोंड उघडलं. मी गेल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

"साहेब, शिंग साळता येते. कान फाडता येते. कपाळावरचे भोवरे पाहा. एकाखाली एक दोन हायेत. भोवरा कोनाले साळता नाई येत."

जमादारांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. फोटोतल्या बैलाच्या कपाळावर, गोंड्याच्या बाजूला, केसांची दोन वळणं स्पष्ट, वरचं उजवीकडे, खालचं डावीकडे. मग ते फोन हातात धरूनच बैलाजवळ गेले आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवला. वरचं उजवीकडे. खालचं डावीकडे. गोलातली माणसं पुढे सरकली. शेतकरी माणसाला भोवरा दाखवायला लागत नाही, सगळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात जमादारांचं बोट चुकून पुढच्या फोटोवर गेलं. तो फोटो नव्हता, व्हिडिओ होता. पोळ्याच्या सकाळी मावशी ताटात पुरणपोळी घेऊन उभी आहे आणि बैलाला हाक मारते आहे. पडद्यावर ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. व्हिडिओचा आवाज अजून तळालाच होता. मावशी पुढे झाली आणि आवाज वाढवायचं बटण दाबत गेली, दाबत गेली, शेवटपर्यंत. मोबाइलमधून तिचीच हाक बाहेर पडली, दोन वेळा जीभ टाळ्याला लावून, आणि मग लांब, चढती.

बैलाने मान वर केली. कान मागे होते ते पुढे आले. त्याने समोर उभ्या मावशीकडे पाहिलंच नाही, आधी त्या मोबाइलकडे पाहिलं, हातभर पुढे आला आणि जमादारांच्या हातातला फोन जिभेने चाटला. लाल खोळ, आरसे, कवड्या, सगळं एका चाटण्यात ओलं. गोलातून जो हसण्याचा फवारा उडाला तो पार भाजीबाजारात ऐकू गेला असेल.

व्यापाऱ्याने मग एवढंच म्हटलं, "मले बी कोनी तरी विकलाच ना." जमादारांनी त्याला सांगितलं, चल मग, ज्यानं विकला त्याचं नाव सांग, आणि बैलाची दोरी मावशीच्या नवऱ्याच्या हातातच राहू दिली. ती त्याने सोडली तर कधी नव्हतीच. आता मात्र तो दोरी धरूनच तिथं मातीत बसला. मला इतका आनंद झाला होता की मी ओळखदेख नसलेल्या एका म्हाताऱ्याला टाळी दिली.

मावशी मोबाइल घेऊन बैलाच्या पायाशी बसली आणि खोळ उसवायला लागली. दातांनी, नखांनी, एकेक टाका. घाई नव्हती. आतलं रबरी कव्हर बाजूला टाकलं, लाल कापड झटकून सरळ केलं, कमरेच्या पिशवीतून ती सुटी कवडी काढली आणि मधोमध पुन्हा टाचली. सुई तिच्या ओढणीतच खोवलेली होती. मग ती पट्टी बैलाच्या कपाळावर बांधली, दोन भोवऱ्यांच्या बरोबर वर.

तेव्हाच तिच्या मांडीवरचा उघडा फोन वाजला. पूर्ण आवाजात, बँडच्या गाण्याची घंटी. शेजारचे दोन बैल बिचकले, एका बाईच्या टोपलीतले कांदे सांडले. बैल गेल्यापासून फोन वाजला नव्हता, तो सगळा बाकी आवाज त्याने एका दमात काढला. पडद्यावर लेकीचा फोटो होता.

मावशीने उचलला. पलीकडून लेक ओरडत होती, याडी, याडी, कुठं हायेस, किती वेळा लावला. मावशी त्यांच्या गोर बोलीत बोलली. मला ती बोली अर्धीच कळते, पण एवढं कळलं. ती लेकीला सांगत होती, जेवण मांडून ठेव, आम्ही येतोय, तिघं.